वायफायचा रिकामा रकाना
सोसायटीच्या वायफायला प्रत्येक फ्लॅटचं वेगळं लॉगिन असलं की एकाचा पासवर्ड फुटला तरी बाकीच्यांचे बदलावे लागत नाहीत. पण जोडताना फोन नाव-पासवर्डाबरोबर CA certificate हा रकानाही दाखवतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर तिथे अनेक जण घाईत, कधी तंत्रज्ञाच्याच सांगण्यावरून, Do not validate निवडतात. मग समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे फोन तपासतच नाही. पार्किंगमध्ये कुणी त्याच नावाचं वायफाय उभं केलं, तर फोन आपणहून तिथे लॉगिन करू पाहतो आणि पासवर्ड हुडकण्यापुरती माहिती त्याच्या हाती देतो. पुढे तुमच्या फ्लॅटच्या नावावर तिसराच माणूस इंटरनेट वापरतो. कमिटीकडून सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि डोमेन लेखी मागून घ्या, आणि ते भरल्याशिवाय Connect दाबू नका.