सोनेरी उन्हातला बंगला : ब्रोशरमधला फोटो किती खरा?

बंगल्याच्या ब्रोशरचे मुखपृष्ठ आता जवळपास ठरून गेले आहे. सोन्यासारख्या भिंती, मागे केशरी आकाश आणि पुढे लांबवर पसरलेली हिरवळ. संध्याकाळच्या उन्हात फोटो काढणे ही फसवणूक नव्हे. त्या उन्हाच्या आडून जागेची मापे किंवा दिशा बदलली जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

लॉन मोठे कसे दिसते?

दर्शनी बाजू १२ मीटर रुंद असलेला बंगला घेऊ. पुढे ६ मीटर खोल लॉन आहे आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, सरळ समोर धरलेला आहे. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स लावून घरापासून ८ मीटरवर उभे राहिले, तर घर चौकटीची दोन तृतीयांश रुंदी व्यापते आणि लॉन चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेते.

आता ३५ मिलिमीटरची लेन्स लावून साडेसतरा मीटर मागे जाऊ. घर तेवढ्याच रुंदीचे दिसते. लॉन मात्र उंचीच्या पंधराव्या हिश्श्यावर येते. जागा तीच, गवतही तेच.

याचे कारण अंतर आहे. पहिल्या फोटोत लॉनची अलीकडची कड कॅमेऱ्यापासून २ मीटरवर आणि घर ८ मीटरवर असते, त्यामुळे कडेजवळची वस्तू घराशेजारच्या तेवढ्याच वस्तूच्या चौपट मोठी दिसते. दुसऱ्या फोटोत हा फरक जेमतेम दीडपट राहतो. म्हणून प्रामाणिक छायाचित्रकार शक्य तेवढा मागे, अगदी रस्त्याच्या पलीकडे जातो. चौकटीत कुंपण आणि रस्ता आला, तरी तो येऊ देतो.

ग्राहकाने फोटोत ओळखीच्या मापाची वस्तू शोधावी. दरवाजा साधारण सात फुटी असतो. लॉनच्या अलीकडच्या कडेला ठेवलेली खुर्ची त्या दरवाजाएवढी उंच दिसत असेल, तर फोटो फार जवळून काढलेला आहे. अशा फोटोवरून लॉनचा अंदाज बांधू नये, नकाशातले माप मागावे.

आकाश खोटे कसे ओळखायचे?

भिंतीवर समोरून सोनेरी ऊन पडले असेल, तर सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे असतो. मग घरामागचे आकाश सूर्याच्या विरुद्ध दिशेचे ठरते. ते फिकट निळे आणि फार तर क्षितिजाजवळ किंचित गुलाबी दिसते. भिंतही समोरून उजळलेली आणि मागचे आकाशही सूर्यास्ताचे, असे असेल तर एकाच फोटोत सूर्य दोन ठिकाणी आहे. हे आकाश बहुधा नंतर चिकटवलेले असते.

दिशाही पडताळता येते. पूर्वाभिमुख बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर मावळतीचे ऊन थेट पडूच शकत नाही. त्याचा सोनेरी फोटो सकाळीच काढावा लागतो. पुण्याच्या परिसरात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेला. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर डिसेंबरमध्ये सोनेरी ऊन दिसत असेल, तर फोटोची तारीख किंवा घराची दिशा, यातले काहीतरी चुकीचे आहे.

वेळही थोडा असतो. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत आपल्याकडे साधारण २५ मिनिटेच मिळतात. हे ऊन हुकले की आकाश बदलून घेण्याचा मोह होतो.

काय पुसावे, काय नाही?

पाण्याचा पाइप, कचऱ्याची बादली, उभी केलेली मोटार या वस्तू हलवता येतात, त्या फोटोतून काढल्या तर ग्राहकाचे काही बिघडत नाही. विजेची तार, शेजारची इमारत आणि गवताचे करपलेले पट्टे जागेचाच भाग आहेत. ते तसेच राहावेत. भिंतीला सोनेरी छटा असेल, तर गवतालाही पिवळसर झाक हवी आणि झाडांच्या सावल्याही हव्यात. भिंत सोनेरी आणि गवत सपाट, गडद हिरवे असेल, तर रंग वरून भरला असल्याची शंका घ्यावी.

कायद्याचा आधार किती?

२०१६च्या ‘रेरा’ कायद्यातील कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यायची असते. मात्र मालकाने स्वतः विकायला काढलेला एखादा जुना बंगला म्हणजे प्रवर्तकाचा प्रकल्प नव्हे. तिथे हे कलम हाताशी येत नाही.

म्हणूनच फोटोखाली एक ओळ छापण्याचा रिवाज बिल्डर आणि दलालांनी पाडायला हवा : फोटोची तारीख, वेळ, घराची दिशा आणि लॉनचे माप. ही ओळ नसेल, तर ग्राहकाने ती माहिती लेखी मागावी. टोकन त्यानंतरच द्यावे.