निर्दोष सुटलेल्याला घटनेचे कवच द्या

६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून आलेला एक प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर उतरला. आपल्याजवळ सोने असल्याचे त्याने सांगितले नाही. झडतीत १०७.२ तोळे सोने निघाले. कस्टमने ते जप्त केले आणि परत हवे असल्यास बारा हजार रुपये भरण्याची मुभा दिली. ते सोडवायला कोणी आले नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याच सोन्यावरून त्याच्याविरुद्ध मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांसमोर परकी चलन कायद्याखाली खटला गुदरण्यात आला. एकाच कृत्याची ही दुसरी शिक्षा, असे त्याचे म्हणणे होते.

१९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ‘मक्बूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. कस्टम अधिकारी हे न्यायालय नव्हे, जप्ती ही फौजदारी शिक्षा नव्हे, म्हणून पहिला खटला झालाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. खात्याची चौकशी आणि फौजदारी खटला एकाच प्रकरणात आजही चालू शकतात, ते याच तर्काने. हा तर्क आम्हाला मान्य आहे. नाहीतर किरकोळ दंड भरून मोठ्या गुन्ह्यातून सुटण्याची वाट मोकळी होईल.

खरी उणीव वेगळीच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) चे संरक्षण मिळण्यासाठी माणसावर आधी खटला चाललेला हवा आणि त्याला शिक्षाही झालेली हवी. म्हणजे शिक्षा झालेल्याला घटनेच्या या कलमाचा आधार आहे, निर्दोष सुटलेल्याला नाही! त्याची भिस्त साध्या कायद्यावर. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० वर होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ वर आहे.

हे कलम तसे उदार आहे. त्याच वस्तुस्थितीवरून, पहिल्या खटल्यातच लावता आला असता असा दुसरा आरोप ठेवून नवा खटला भरायलाही ते मनाई करते. पण निकाल कायम असेपर्यंतच. सरकारने अपील केले आणि वरच्या न्यायालयाने सुटका रद्द केली, तर फेरसुनावणीचा आदेश होऊ शकतो. आरोप निश्चित होण्याआधी आरोपमुक्त झालेल्याला तर हे कलम लागूच नाही, कारण त्याच्यावर खटला चाललेलाच नसतो. गंभीर दुखापतीची शिक्षा झाल्यावर जखमी दगावला, तर मृत्यूबद्दल नवा खटला चालू शकतो. तेही योग्यच, कारण हा परिणाम पहिल्या न्यायालयापुढे आलेलाच नव्हता.

हे अपवाद राहू द्यावेत. आमचा आक्षेप एवढाच, की साधा कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना हजर राहून सुटलेल्या माणसाची हमी इतकी सैल ठेवता येणार नाही. अनुच्छेद २०(२) चे संरक्षण निर्दोष सुटलेल्यालाही देणारी घटनादुरुस्ती सरकारने मांडावी.