घराचा विमा आहे ना? मग घरात पडलेल्या माणसाचं काय?

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा. मे महिना आला की आपल्याकडे घरोघर माणसं छपरावर चढतात, म्हणून आत्ताच लिहितोय.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाडमध्ये विम्याची भाषा सगळ्यांना आली. मीही सवच्या घराचा विमा काढला. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यायला लावली आहे. आग, पूर, वादळ, दरड, भूकंप सगळं त्यात आहे. मी निर्धास्त झालो.

गेल्या मे महिन्यात पडवीचे सिमेंटचे पत्रे बदलायला ओळखीतला एक गडी बोलावला. जुन्या पत्र्यावर फळी न टाकता पाय ठेवला, पत्रा फुटला, गडी खाली. मांडीचं हाड मोडलं. गाडी मीच केली, ऑपरेशनचे एक लाख चाळीस हजार मीच भरले, आणि त्याच्या बायकोला सांगितलं, ‘वहिनी, माझ्या घरात झालंय, मी बघतो.’ मग पॉलिसी काढून बसलो. त्यात माझ्या भिंती होत्या, माझा फ्रिज होता. तो गडी कुठेच नव्हता!

एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘दादा, ते लायबिलिटी. वेगळं घ्यावं लागतं.’ मग विकताना का नाही बोललास? गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याचीही हीच गत. बँकेला तारण सांभाळायचं असतं, तुमच्या अंगणात कोण पडतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

वेगळं घ्यावं लागतं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. घरमालकाच्या पॅकेज पॉलिसीत ‘पब्लिक लायबिलिटी’ नावाचा भाग घेता येतो. तुमच्या हलगर्जीपणामुळे परक्या माणसाला इजा झाली आणि कायद्याने भरपाई तुमच्यावर आली, तर ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी देते. तोच पत्रा खाली उभ्या पोस्टमनच्या डोक्यात पडला असता तर हा भाग उपयोगी. पण गडी? तो मी मजुरीवर लावलेला. तुमच्या कामावरचा माणूस या भागातून बहुधा वगळलेला असतो. त्याच्यासाठी कामगार भरपाईचा भाग निराळा, आणि तिथेही बऱ्याचदा घरकामाची नेहमीची माणसंच धरतात. म्हणजे एकच पत्रा, एकच पडवी, आणि खाली कोण सापडला त्यावर उत्तर बदलतं. घेताना लेखी विचारा: छपरावर चढणारा रोजंदारीचा माणूस यात येतो का? तोंडी ‘हो हो’ला काही किंमत नाही.

सवला गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे लोक येतात. दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्यात, तर तो धंदा झाला. घरगुती पॉलिसी तिथे हात वर करू शकते.

आता माझा खरा राग. या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, शब्दही द्यायचा नाही. म्हणजे मी वहिनींना जे बोललो, त्याच वाक्यावर माझा दावा नाकारता आला असता. समोर माणूस कण्हतोय आणि मी काय कंपनीच्या मेलची वाट बघू? दवाखान्यात नेणं आणि चूक कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पॉलिसीत साध्या मराठीत का लिहीत नाहीत? आपल्याकडे वाद पंचांसमोर मिटतो. तसा परस्पर मिटवलात तर कंपनी त्याला भरपाई मानेलच असं नाही. म्हणून अपघात झाला की आधी दवाखाना, त्याच दिवशी कंपनीला कळवणं, फुटल्या पत्र्याचे फोटो, आणि स्टँपपेपरवर सही नाही.

‘आपल्यावर कोण केस करतंय?’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 1966 साली रस्त्यालगतची इमारत सांभाळायची जबाबदारी मालकाचीच धरली. मालक तिथे महापालिका होती. पण तुमची रस्त्याकडेची कललेली गडग्याची भिंतही मालकाचीच आहे.

माझी मागणी साधी आहे. सरकारने एकसारखी पॉलिसी केलीच आहे, तर परक्या माणसाची आणि रोजंदारीच्या गड्याची जबाबदारी मूळ पॉलिसीतच घाला. तोवर छपरावर चढणाऱ्याला विचारा, बँकेतला वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का? चूक कोणाची ते न बघता अपघाती मृत्यूला त्यात 2 लाख मिळतात. पण दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही, आणि मोडून पुन्हा जुळणाऱ्या हाडालाही काही नाही.

गडी आता काठी घेऊन चालतो. पायातली सळी अजून काढायची आहे, त्याचे पैसे मी बाजूला ठेवलेत.