लॉकडाऊनमध्ये बेकारी कशी घटली?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याचे श्रमबळ सर्वेक्षण दरवर्षी बेकारीचा दर जाहीर करते. 2018-19 साली हा दर 5.8 टक्के होता. 2019-20 मध्ये तो 4.8 टक्के झाला आणि 2020-21 मध्ये 4.2 टक्क्यांवर आला. ही वर्षे नीट आठवून पाहावीत. मार्च 2020 च्या अखेरीस देश बंद झाला, गिरण्या-कारखाने, बांधकामे, हॉटेले बंद पडली, लाखो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाले. आणि नेमक्या याच काळात देशातली बेकारी कमी झाली, असे सरकारी आकडा सांगतो!

आकडा खोटा आहे काय? नाही. मोजणाऱ्यांनी ठरलेल्या नियमाप्रमाणेच मोजले आहे. घोटाळा नियमात आहे. आणि तो नियम कळला तर आपल्या गावातल्या निम्म्याअधिक तरुणांची खरी स्थिती कळते.

त्याच अहवालांतला दुसरा आकडा शेजारी ठेवावा. 2018-19 मध्ये देशातल्या कामकरी लोकांपैकी 42.5 टक्के शेतीत होते. 2019-20 मध्ये ते 45.6 आणि 2020-21 मध्ये 46.5 टक्के झाले. अनेक दशके हळूहळू घटत आलेले हे प्रमाण एकाएकी उलटे फिरले. शेतजमीन वाढली नव्हती. पाऊस चांगला झाल्याने पीक चांगले आले, हे खरे. पण ते पावसाने आले, परतलेल्या हातांनी नव्हे. शहरात काम गेलेला माणूस गावी आला, भावाच्या शेतात उभा राहिला आणि सरकारच्या वहीत "रोजगारात" जमा झाला. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात. माणूस कामावर दिसतो, पण तो नसता तरी उत्पन्न तेवढेच आले असते.

हिशेब करून पाहू. विदर्भ-मराठवाड्यातले चार एकर जिरायत शेत घ्या. दोन एकर कापूस, दोन एकर सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. घरात बाप, आई, दोन मुलगे आणि एक सून अशी पाच कर्ती माणसे. पेरणी, निंदणी, फवारणी, वेचणी, कापणी धरून कापसाला एकरी 45 रोज आणि सोयाबीन-तुरीला एकरी 25 रोज लागतात असे हिशेबापुरते धरू. म्हणजे वर्षाला एकूण 140 रोजांचे काम झाले. पाच माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 28 रोज येतात. वर्षाचे दिवस 365.

आता धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत कामाला गेला. 140 रोजांचे काम चौघांनी केले, प्रत्येकाचे 35 रोज झाले. कापूस एकरी 5 क्विंटल धरला तर पूर्वी 10 क्विंटल होत होता, आताही 10 क्विंटलच झाला. थोरलाही गेला, तरी तिघांना प्रत्येकी 47 रोज पडतील आणि कापूस 10 क्विंटलच राहील. या दोघांनी शेताच्या एकूण उत्पन्नात भर किती घातली होती? शून्य. मात्र खाणारी तोंडे पाच होती तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दोन क्विंटलची किंमत येत होती.

मग ही बेकारी दिसत का नाही? कारण घरात काम नसलेला माणूस असा वेगळा काढून दाखवता येत नाही. एक पूर्ण कामावर आणि दुसरा पूर्ण रिकामा, असे घडत नाही. पाचही जण सकाळी शेतावर जातात. एक बैल सोडतो, एक बांधावरचे गवत कापतो, एक पाणी आणतो. थोडे काम सगळ्यांत पसरते. सर्वेक्षण करणारा विचारतो, "काय करता?" उत्तर येते, "शेती." नियम असा आहे की, आठवड्याच्या मोजणीत सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केले तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. वर्षाच्या मोजणीत 30 दिवसांचे दुय्यम काम असले तरी पुरते. घरच्या शेतात हात लावणारा बिनपगारी मदतनीसही रोजगारातच मोजला जातो. लॉकडाऊनमध्ये घटलेल्या बेकारीचे रहस्य एवढेच आहे. बेकार माणूस नाहीसा झाला नाही, त्याचे नाव बदलले.

लॉकडाऊन संपल्यावर तरी हे लोक परतले काय? 2023-24 च्या अहवालातही शेतीतले प्रमाण 46.1 टक्के होते आणि बेकारीचा दर 3.2 टक्के सांगितला गेला. ग्रामीण स्त्रियांत तर कामकरी म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे 77 टक्के शेतीत आहेत. "स्त्रियांचा रोजगार वाढला" असे भाषणात सांगितले जाते, तेव्हा त्या वाढीत हातात मजुरी किती जणींच्या पडली, हा प्रश्न विचारला पाहिजे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी मांडला होता. छुप्या बेकारीचा इंग्रजी शब्द जोन रॉबिन्सन यांनी 1936 साली वापरात आणला. बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध 1918 सालचा आहे. त्या काळी सरकारी तज्ज्ञ म्हणत होते की, वाटण्यांमुळे शेतीचे तुकडे पडतात, म्हणून शेती तोट्यात जाते; तेव्हा वाटण्या कायद्याने थांबवा आणि जमीन एकाच वारसाच्या नावे ठेवा. बाबासाहेबांनी सांगितले की, शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण काय, यावरून ते ठरते. आपल्याकडे अवजारे, बैल, पैसा इतका अपुरा आहे की, त्या मानाने शेते लहान नसून मोठीच आहेत, असे उलटे वाटणारे पण तर्काला धरून असलेले विधान त्यांनी केले. दुसऱ्या बाजूला शेतीवर जगणारी माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत. रिकामा श्रम उत्पन्न देत नाही, पण खातो मात्र. तेव्हा तुकडे हे लक्षण आहे, रोग जमिनीवरचा भार हा आहे, आणि उपाय औद्योगिकीकरण हा आहे.

1927 साली मुंबई कायदे मंडळात लहान शेतजमिनींचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी याच भूमिकेवरून विरोध केला. कायद्याने वाटणी थांबवली तर बाहेर काम नसलेले भाऊ भूमिहीन होतील. आमच्या वरील उदाहरणात चार एकर एकाच मुलाच्या नावे केले, तर कापूस वाढणार नाही. दुसरा मुलगा मात्र सातबाऱ्यावरून उडेल. छुपा बेकार उघडा बेकार होईल, एवढेच. वकिलीत वाटणीचे दावे पाहताना हे रोज दिसते. दोन गुंठ्यांसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो तो त्या दोन गुंठ्यांच्या उत्पन्नासाठी नव्हे. बाहेर दुसरा आधार नाही म्हणून.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शेतीत खरोखर कोणी जादा असते काय? अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 साली म्हटले की, नसते. पुरावा म्हणून त्यांनी 1918-19 ची भारतातील इन्फ्लुएंझाची साथ घेतली. साथीत शेतीतली माणसे मेली आणि लागवडीखालचे क्षेत्रही घटले. माणसे जादा असती तर ते घटले नसते. अमर्त्य सेन यांनी 1967 साली याला उत्तर दिले. साथ प्रत्येक घरातून एक जादा माणूस निवडून नेत नाही. ती काही घरे पार उद्ध्वस्त करते, तर काहींना शिवतही नाही. उद्ध्वस्त घराची जमीन पडीक राहते आणि शेजारच्या घरातले जादा हात तिच्यावर लगेच जात नाहीत. म्हणून साथीच्या आकड्यांवरून जादा हात नव्हतेच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पण या वादातून मर्यादाही कळते. घरातली माणसे वर्षभर सारखी जादा नसतात. पाऊस उघडला की निंदणी दहा दिवसांत उरकावी लागते. चार एकरांना त्यासाठी 30 रोज लागत असतील, तर दहा दिवस तीन माणसे हवीतच. म्हणून खरी परीक्षा वर्षाच्या सरासरीने होत नाही, हंगामाच्या गर्दीच्या दिवसांवर होते. आमच्या घरात त्या दिवसांतही दोघे जादाच ठरतात. तिसरा गेला, तर मात्र मजूर लावावा लागेल किंवा तण वाढून पीक घटेल.

आणि येथेच भूमिहीनाचा प्रश्न येतो. छुपी बेकारी लपवायलाही जमीन लागते! ज्याच्याकडे चार एकर आहेत त्याची बेकारी शेतात लपते. ज्याच्याकडे काहीच नाही तो काम नसले की उपाशी बसतो. शिवाय जमीनवाल्या घरात हात जादा झाले की पहिली कात्री मजुराच्या रोजंदारीला लागते. लॉकडाऊनमध्ये मुलगे परतले, तेव्हा अशा घरांना निंदणीसाठी वस्तीतल्या बाया बोलावण्याची गरज उरली नाही. शेतकऱ्याच्या घरातली बेकारी वस्तीत उतरते ती अशी. अनुसूचित जातींत ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचेही सरासरी क्षेत्र 2015-16 च्या कृषिगणनेत 0.78 हेक्टर, म्हणजे दोन एकरांपेक्षा कमी होते.

मजुराच्या हाताला भाव येतो तो हंगामाच्या त्या मोजक्या दिवसांत. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात 125 दिवसांची हमी आहे. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. उरलेल्या दिवसांत शेतात काम नसते, आणि हंगामात सरकारी कामाचा पर्याय काढून घेतला की मजुराला भाव करता येत नाही. हमीचे दिवस मोजताना कार्यकर्त्यांनी हे 60 दिवसही मोजावेत.

सरकारला विचारण्याचा प्रश्न त्यामुळे "बेकारीचा दर किती" एवढाच ठेवून चालणार नाही. शेतीत धरलेल्या माणसाला वर्षात किती रोजांचे काम मिळाले आणि त्याच्या हातात किती मजुरी पडली, हे विचारले पाहिजे. वस्तीतल्या आणि गावातल्या दहा-दहा घरांची अशी यादी कोणत्याही शाखेला एका आठवड्यात करता येईल: जमीन किती, पिके कोणती, रोज किती लागतात, कर्ती माणसे किती, निंदणीच्या दिवसांत किती हवीत. ती यादी 3.2 टक्क्यांच्या शेजारी ठेवावी. तालुक्याला कारखाना का नाही, आणि आहे तेथे कामाला कोण घेतले जाते, हा 1918 पासून पडलेला प्रश्न मग आकड्यांसह विचारता येईल.