नाव विचारलं नाही, तरीही

आमच्या टी. वाय.च्या काही मुलांना उधन्यात राहणाऱ्या, आपल्याच कॉलेजातल्या मराठी विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण करायचंय. घरात अहिराणी चालते की मराठी, शाळा कोणत्या माध्यमाची, मूळ गाव कुठलं, रात्री लूमवर काम करता का, असे प्रश्न. विषय चांगला आहे. संशोधन नीतिमत्ता समितीकडे द्यायचा अर्ज भाषा तपासायला माझ्याकडे आला. भाषा ठीक होती. पण ‘गोपनीयता’ या रकान्यात ‘नावे विचारली जाणार नाहीत’ एवढंच होतं, आणि ‘सहभागींना धोका’ या रकान्यात एकच शब्द: ‘नाही’. हे दोन्ही रकाने परत लिहायला हवेत, असं माझं मत आहे.

नाव नसलं की माणूस ओळखू येत नाही, हा समज सोडून द्यायला हवा. समजा साठ जणांनी फॉर्म भरला. त्यातून फक्त मुली घेतल्या की पंचवीस उरतील. त्यांतल्या शिरपूर तालुक्यातल्या चार, आणि त्या चौघींत मराठी माध्यमातून आलेली एकच. कॅन्टीनमध्ये कुणालाही विचारा, तिचं नाव सांगेल. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. २००८ साली संशोधकांनी एका कॉलेजच्या सुमारे १७०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती, नावं काढून आणि कॉलेजचं नाव न सांगता, अभ्यासकांसाठी खुली केली. विषयांची यादी आणि बाकीचे तपशील बघून ते हार्वर्ड आहे हे लोकांनी लगेच ओळखलं. काही राज्यांतून त्या वर्गात एकच विद्यार्थी आलेला होता. त्याचं नाव झाकून काय उपयोग?

उपाय साधा आहे. तालुका विचारूच नका, ‘खानदेश की इतर’ एवढं पुरे. आणि अहवालात ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं येतील तो गट वेगळा छापू नका, शेजारच्या गटात मिळवा. गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करायची सोय बंद आहे का, तेही बघा. ती चालू राहिली तर ‘निनावी’ हा शब्द खोटा ठरतो.

आणखी एक गोष्ट मला खटकली. संमतीपत्रात लिहिलं होतं, ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता.’ पण फॉर्म खरोखर निनावी असेल, तर एकदा पाठवल्यावर कुणाचा कोणता हे शोधणार कसं? तिथे ‘पाठवेपर्यंत माघार घेता येईल, नंतर नाही’ असंच लिहायला हवं. वाचायला कमी गोड लागेल, पण खरं आहे.

आता धोका. मुलांनी लूममालकाचा विचार केला होता, आणि मालक काही कॉलेजात येत नाही म्हणून ‘नाही’ लिहून टाकलं. पण रात्रपाळी करणारा मुलगा सकाळच्या तासाला झोपलेला तरी असतो किंवा गैरहजर तरी. ‘आठवड्यातून किती रात्री काम करता?’ या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे हजेरी का भरत नाही याचा कबुलीजबाबच. तो कागद ज्यांच्या हातात जाणार, तेच सर हजेरीपटावर सही करतात. म्हणून भरलेले फॉर्म विभागात ठेवू नयेत, आणि शिकवणाऱ्या कुणालाही मूळ उत्तरं दिसू नयेत. हे अर्जात स्पष्ट लिहा.

संमतीचंही तेच. फॉर्म वर्गात, तास चालू असताना, सरांसमोर वाटायचं ठरलं होतं, वर फादर प्रिन्सिपॉलांचं पत्र जोडून. फादरांचं पत्र बघून आपल्याकडे कोण नाही म्हणेल? आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांना दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटांत धरलंय ते याचसाठी. परवानगीचं पत्र समितीला दाखवायचं, विद्यार्थ्यांना नाही. फॉर्म वर्गाबाहेर वाटा, इंटर्नलच्या मार्कांशी त्याचा संबंध नाही हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि ‘सदर सर्वेक्षणात सहभागी होण्यास माझी अनुमती असून’ ऐवजी ‘मला नको वाटलं तर मी कोरा फॉर्म परत देईन’ असं बोलल्यासारखं लिहा.

एका मुद्द्यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. एफ. वाय.ला सतरा वर्षांची मुलंही असतात. त्यांच्यासाठी त्यांच्या स्वतःच्या होकाराबरोबर पालकांची संमती लागते. पालकाला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. शिवाय मुलाला रात्रीच्या कामाला घरच्यांनीच लावलेलं असेल, तर हा प्रश्न घरी पोचणं हाच त्याच्यासाठी नवा धोका. म्हणून अठरा पूर्ण झालेल्यांपुरतंच ठेवा, असं मी म्हणतोय. मुलं म्हणतात, सर, मग सगळ्यात लहान वयात कामाला लागलेलेच यातून सुटतील. त्यांचंही चूक नाही. दोन्ही बाजू अर्जात लिहायला सांगितल्यात.