अर्ज मागे घेणारे चार ओळींचे पत्र

नोकरी मिळविण्यासाठी आपण एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करतो. त्यांपैकी एका ठिकाणची नियुक्ती स्वीकारली, की उरलेल्या अर्जांचा आपल्याला सहज विसर पडतो. आपण गेलो नाही म्हणजे त्यांना समजेलच, अशी आपली समजूत असते. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. ज्या संस्थेत आपली मुलाखत झाली आहे, तिला ई-मेल पाठवून अर्ज मागे घेत असल्याचे कळविणे हे प्रत्येक उमेदवाराचे कर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल, की कितीतरी संस्था उमेदवारांना साधे उत्तरही पाठवीत नाहीत. मग हा शिष्टाचार आपणच का पाळावा? आक्षेप खोटा नाही. परंतु आपल्या मौनाची किंमत बहुधा ती संस्था मोजत नाही. ती मोजतो आपल्यामागे उभा असलेला दुसरा उमेदवार.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात बिले तयार करणाऱ्या लिपिकाची एक जागा भरावयाची आहे. मुलाखतीनंतर एका तरुणीचे नाव पहिले आणि एका तरुणाचे दुसरे लागते. दरम्यान त्या तरुणीने दुसरीकडची नोकरी स्वीकारली आहे. पण तिने तसे कळविलेले नाही. रुग्णालय तिला नियुक्तिपत्र पाठवून आठ दिवस वाट पाहते, दूरध्वनी करते. तोपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या तरुणाला 'निर्णय व्हायचा आहे' एवढेच सांगितले जाते. घरभाड्याची चिंता असलेला तो तरुण अखेर कमी पगाराचे काम पत्करतो. तरुणीने वेळीच चार ओळी लिहिल्या असत्या, तर ती जागा कदाचित त्याला मिळाली असती.

त्या चार ओळी अशा असू शकतात :

विषय : बिल लिपिक पदासाठीचा अर्ज (क्र. ११४) मागे घेण्याबाबत

माननीय महोदय,
स. न. वि. वि.
बिल लिपिक या पदासाठी मी आपल्याकडे अर्ज केला होता व दि. ९ जून रोजी मुलाखत दिली होती. आता मी दुसऱ्या ठिकाणची नियुक्ती स्वीकारली आहे. तरी माझा अर्ज मागे घेतला आहे असे समजावे, ही विनंती. मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल मी आपली आभारी आहे.
आपली विश्वासू,
(नाव व दूरध्वनी क्रमांक)

या पत्रात काय नाही, तेही पाहावे. नव्या संस्थेचे नाव नाही आणि पगाराचा आकडाही नाही. पगार लिहिला, तर पत्र वाटाघाटीसारखे वाटते. 'बहुधा मी येऊ शकणार नाही' अशी संदिग्ध वाक्येही नाहीत. कारण त्यामुळे वाचणाऱ्याला यादीतून नाव काढावे की नाही, हे कळत नाही. पद आणि अर्जाचा क्रमांक विषयातच दिल्यामुळे योग्य अर्ज लगेच सापडतो. ज्या ई-मेलने मुलाखतीचे बोलावणे आले, त्यालाच उत्तर पाठवावे. मात्र तो पत्ता केवळ सूचना पाठविण्यासाठी असेल, तर तेथे पाठविलेले उत्तर कोणी वाचत नाही. अशा वेळी जाहिरातीत दिलेला संपर्काचा पत्ता वापरावा.

वेळेचेही भान हवे. केवळ तोंडी आश्वासनावर विसंबून दुसरे अर्ज मागे घेऊ नयेत. नियुक्तिपत्र लेखी हाती यावे, आपण ते स्वीकारल्याचे कळवावे आणि मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हा ई-मेल पाठवावा. एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा विचारात घेण्यास संस्था बांधलेली नसते.

सरकारी भरतीत मात्र असा ई-मेल पुरेसा नसतो. तेथे जाहिरातीतील नियम पाहावे लागतात. पण प्रश्न तेथेही तोच आहे. नागरी सेवा पूर्वपरीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज येतात आणि प्रत्यक्ष परीक्षेला जवळपास निम्मेच उमेदवार बसतात, हे संघ लोकसेवा आयोगाने २०१८ मध्ये सांगितले होते. न येणाऱ्यांसाठीही आसने, प्रश्नपत्रिका आणि पर्यवेक्षक यांची व्यवस्था करावी लागते. म्हणून आयोगाने त्या वर्षी अर्ज मागे घेण्याची सोय जाहीर केली व २०१९ च्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेपासून तिचा आरंभ केला.

संस्थांनीही उमेदवारांना वेळेवर उत्तर द्यावे, ही मागणी आपण अवश्य करावी. परंतु त्यांच्या उत्तराची वाट पाहत आपण गप्प राहिलो, तर आपण अडवून ठेवलेली जागा त्या तरुणासारख्या कोणाच्या तरी वाट्याची असते.