एक माणूस, तीन वह्या

हिशेबशास्त्राचा पहिला धडा असा की पेढी वेगळी आणि पेढीचा मालक वेगळा. मालकाने गल्ल्यातून घरखर्चासाठी पाचशे रुपये उचलले, तरी ते 'उचल' म्हणून त्याच्या नावे लिहिले जातात. दुकानाची वही आणि घराची वही एकत्र झाली की नफा कळत नाही आणि घरातील गोष्टी गिऱ्हाइकांपर्यंत जातात, हे आपले वाडवडील जाणून होते. आज हीच शिस्त मोबाइलवर मोडते, आणि मोडली आहे हे बहुधा दुसऱ्याच्या तोंडून कळते.

इचलकरंजीतील माझे एक स्नेही सुताचे व्यापारी आहेत. पेढीच्या नावाला आपले जन्मसाल जोडून त्यांनी इन्स्टाग्रामवर दुकानाचे खाते काढले होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद आहे. त्यातील बहुतेक नाणी आजोबांकडून आलेली. या छंदासाठी त्यांनी वेगळ्या नावाचे दुसरे खाते उघडले आणि १८६२ सालच्या चांदीच्या रुपयांची छायाचित्रे त्यावर टाकू लागले. 'ही दोन्ही खाती माझीच, हे कोणाला कळणार?' अशी त्यांची समजूत होती. त्यांचा एक जुना पुरवठादार ४५ दिवसांच्या उधारीवर माल देत असे. त्या हंगामात बिल थकले होते. एके दिवशी त्याचा दूरध्वनी आला : "शेठजी, चांदी घ्यायला पैसे आहेत, आमचे बिल द्यायला नाहीत काय?" पुढचा माल रोखीवर आला. नाणी वडिलोपार्जित आहेत, हे सांगूनही पटण्यासारखे राहिले नव्हते. बँकेत चाळीस वर्षे काढल्यावर मी एवढे नक्की म्हणेन की पत ही ताळेबंदाइतकीच समोरच्याच्या मनातील चित्रावर उभी असते.

नावे वेगळी असताना पुरवठादाराला सुगावा लागला कसा, हे शोधायला मी त्यांच्यापाशी बसलो. एका कागदावर तीन रकाने आखले : व्यवसाय, छंद, घर. प्रत्येक रकान्यात खात्याचे नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि छायाचित्र अशा नोंदी केल्या. जी नोंद दोन रकान्यांत सापडेल, तोच दोन वह्यांमधला सांधा. असे तीन सांधे निघाले.

पहिला आणि सर्वांत मोठा सांधा म्हणजे मोबाइल क्रमांक. नाण्यांचे खाते त्यांनी दुकानाच्याच क्रमांकावर उघडले होते. पुरवठादाराच्या मोबाइलमध्ये तो क्रमांक जतन होता. त्याने इन्स्टाग्रामला आपली संपर्कसूची वाचू दिलेली होती, तेव्हा 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून ते खाते त्याच्यापुढे येणे स्वाभाविक होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण आपली संपर्कसूची कितीही बंद ठेवली, तरी इतर शेकडो लोकांच्या सूचीत आपला क्रमांक असतोच. म्हणून त्या सुविधेवर विसंबून न राहता क्रमांकच वेगळा ठेवावा लागतो. नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप समूहातही तेच घडले होते. समूहात क्रमांक सर्वांना दिसतो, आणि त्यावर बोट ठेवताच पेढीचे नाव व पत्ता समोर येत असे.

दुसरा सांधा छायाचित्रातला. नाणे टेबलावर होते, पण मागच्या भिंतीवर पेढीनेच दिवाळीला वाटलेले कॅलेंडर टांगलेले होते. शिवाय दोन्ही खात्यांवर चेहऱ्याचा एकच फोटो होता. गूगल लेन्सवर तो टाकला की जेथे जेथे तो वापरला आहे ती ठिकाणे पुढे येऊ शकतात.

तिसरा सांधा ई-मेलचा. त्यांनी जीमेलच्या पत्त्यात अधिक चिन्ह घालून 'वेगळा' पत्ता केला होता. टपाल वर्गवारीने लावायला ही सोय चांगली, पण त्या चिन्हाच्या आधीचा भाग मूळ पत्त्याचाच राहतो. पाहणारा तो सहज ओळखतो.

दुरुस्ती आम्ही अशी केली. जुना क्रमांक बिलांवर, पाटीवर आणि कॅलेंडरवर छापलेला असल्याने तो दुकानालाच दिला आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवले. घरासाठी नवे सिम घेतले. त्याच मोबाइलमध्ये साधे व्हॉट्सॲप त्या क्रमांकावर चालते, त्यामुळे नातवंडांचे फोटो आणि तीर्थयात्रेचे बेत स्टेटसवर टाकले तरी गिऱ्हाइकांना दिसत नाहीत. बचत खात्याला जोडलेला क्रमांकही शाखेत जाऊन हाच करून घेतला, कारण ओटीपी येणारा क्रमांक पाटीवर छापलेला नसावा. छंदासाठी नवा ई-मेल पत्ता काढला आणि त्याच्या पुनर्प्राप्तीसाठी दुकानाचा पत्ता किंवा क्रमांक दिला नाही. नाण्यांच्या जुन्या खात्याचे नुसते नाव बदलले नाही, ते बंद करून नवे उघडले. नाव बदलले तरी जुने अनुयायी आणि जुनी छायाचित्रे तेथेच राहतात. नव्या नावात पेढी, आडनाव, गाव, जन्मसाल यांपैकी काहीही घेतले नाही. संग्राहकांशी बोलणे टेलिग्रामवर नेले आणि तेथे क्रमांक कोणाला दिसावा या प्रश्नाला Nobody हा पर्याय निवडला. त्याखालीच क्रमांकावरून मला कोणी शोधावे असा दुसरा प्रश्न येतो. तेथे My Contacts निवडले, आणि टेलिग्रामला संपर्कसूची दिली नाही. हा दुसरा प्रश्न राहून गेला, तर पहिल्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. एकट्याच्या मालकीच्या पेढीला आपली ओळख लपवता येत नाही. बिलावरील जीएसटी क्रमांकाची तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे म्हणजे मालकाचा पॅनच असतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मालकाचे कायदेशीर नाव दिसते. म्हणून भिंत घालायची ती दुकानाभोवती नव्हे, छंद आणि घर यांच्याभोवती. छंदात खरेदी-विक्री झाली की यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेत नोंदलेले नाव दिसते आणि पार्सलला पत्ता लागतो. तेथे ओळख उघड होते, पण एकाच माणसापुढे, साऱ्या बाजारापुढे नव्हे. बँक, करखाते आणि न्यायालय यांच्यापुढे या तिन्ही वह्या एकाच माणसाच्या आहेत आणि तशाच राहिल्या पाहिजेत. आणखी एक : नवे सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये; तो क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्या कोणास मिळू शकतो, आणि त्यावर उघडलेल्या खात्यांची किल्लीही त्याच्याबरोबर जाते.

वर्षातून एकदा, वह्यापूजनाच्या सुमारास, आपण ही तपासणी करावी. छंदाचे नाव अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. ज्यांच्याकडे दुकानाचा क्रमांक आहे अशा एखाद्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवर आपले छंदाचे खाते सुचवले जाते काय, हे पाहावे. माझ्या स्नेह्यांनी परवाच ती केली. काही निघाले नाही. पुरवठादाराने मात्र उधारी पुन्हा सुरू करायला दोन हंगाम घेतले, आणि तीही आता ३० दिवसांचीच.